पीठ आंबते, पण फुगत नाही! मराठवाड्याच्या उन्हात सॉरडोचे विरजण कसे जमवायचे?

यीस्टची पुडी न वापरता, फक्त पीठ आणि पाणी आंबवून फुगवलेल्या पावाला ‘सॉरडो’ म्हणतात. त्यासाठी लागणारे आंबवण, म्हणजे ‘स्टार्टर’, घरी कसे करायचे याच्या कृती मोबाइलवर ढिगाने सापडतात. ‘दर बारा तासांनी पीठ-पाणी घाला, सातव्या दिवशी स्टार्टर तयार’ असे त्यात सांगितलेले असते. अडचण अशी की, यातल्या बऱ्याच कृती थंड देशांतल्या, वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरात बसवलेल्या आहेत.

हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी घराच्या आतही पस्तीस अंशांच्या आसपास उकाडा असतो. अशा ठिकाणी घड्याळ लावून तीच कृती केली, तर बरणीतले पीठ आंबट होते, ताकासारखे पातळ होते, पण फुगत नाही. चार-पाच दिवस पीठ घालून झाले की ‘हे काही आपल्याकडे जमत नाही’ म्हणून बरणी धुतली जाते. प्रत्यक्षात पिठात किंवा पाण्यात दोष नसतो. चुकते ते घड्याळ. त्याऐवजी बरणीतल्या पिठाचा फुगा आणि वास पाहायचा असतो. तो कसा, हे समजून घेऊ.

स्टार्टर म्हणजे नेमके काय?

आपल्या भाषेत सांगायचे तर हे पिठाचे विरजण आहे. दह्यातले चमचाभर ठेवून पुढचे दही लावतात, तसेच यातले थोडे राखून पुढचे पीठ आंबवायचे. जिलेबीवाले मैद्याच्या आदल्या खमिरातून थोडे नव्या पिठात घालतात, तेही याच जातीचे काम. गोव्यातल्या पोदेरांनी तर एके काळी पाव फुगवायला माडाची ताजी सूर वापरली.

फरक एवढाच की, दह्याचे विरजण शेजारून मागून आणता येते, हे विरजण मात्र पिठातूनच उभे करायचे असते. गव्हाच्या दाण्यावर, विशेषतः कोंड्यावर, सूक्ष्म जीव मुळातच असतात. पाणी मिळाले की ते जागे होतात. त्यातले दोन गट आपल्या कामाचे. पहिला यीस्टचा. यीस्ट गॅस सोडते आणि पीठ फुगवते. दुसरा आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंचा. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे नको असलेले जंतू मागे हटतात. चांगला स्टार्टर म्हणजे या दोघांचा समतोल. एकटे जिवाणू वाढले तर आंबट लापशी मिळते, पाव नाही.

दही घालून काम लवकर होईल का, असा प्रश्न हमखास येतो. दह्यातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात. त्यांनी आंबटपणा येईल, पण पीठ फुगवणारे यीस्ट त्यातून मिळेलच असे नाही. त्यामुळे दह्याची गरज नाही.

सुरुवात कशी करायची?

गिरणीतून दळून आणलेले, न चाळलेले गव्हाचे पीठ सर्वांत चांगले, कारण कोंडा त्यातच असतो. काचेची, उभट, अर्ध्या लिटरची बरणी घ्या. त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालून कोरडे पीठ उरणार नाही असे कालवा. वजनकाटा नसेल तर दोन सपाट चमचे पिठाला साधारण एक चमचा पाणी धरा. गिरणीचे पीठ पाणी जास्त पिते, त्यामुळे हे मिश्रण वाहणारे नसते. भज्याच्या पिठापेक्षा घट्ट असते आणि तसेच असू द्यावे.

नळाच्या पाण्याला टीसीएल पावडरचा वास येत असेल, तर ते उकळून पूर्ण गार करून घ्या. क्लोरीन जास्त असेल तर सुरुवातीची वाढ मंदावू शकते. बरणीचे झाकण फक्त टेकवा, घट्ट फिरवू नका, कारण गॅस बाहेर पडायला वाट हवी. पिठाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावा. पुढचे सगळे वाचन याच रबरबँडवरून होणार आहे.

दुसऱ्या दिवसापासून बरणीतले ५० ग्रॅम मिश्रण ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे आणि त्यात ५० ग्रॅम पीठ व ५० ग्रॅम पाणी घालायचे. यालाच स्टार्टरला ‘खाऊ घालणे’ म्हणतात. काढून टाकायचे जिवावर येते, पण न काढता नुसते वाढवत गेले तर दोन-तीन दिवसांत बादली लागेल, किंवा जुन्या आंबट पिठात नवे पीठ नावापुरतेच पडेल. पहिल्या आठवड्यातले काढलेले पीठ खाण्यात वापरू नका, खतात टाका. चवही घेऊ नका. या काळात बरणीत कोणते जंतू आहेत हे ठरलेले नसते.

दुसऱ्या दिवशीच फुगले, मग झाले का तयार?

नाही. इथे सर्वाधिक फसगत होते. दुसऱ्या दिवशी पीठ कधी कधी दुपटीने वर येते. आपल्याकडच्या उकाड्यात हे पहिल्याच संध्याकाळी घडू शकते. पण हा फुगा यीस्टचा नसतो. पाणी मिळताच सर्वांत आधी वाढणारे काही जिवाणू गॅस सोडतात, त्याचा हा परिणाम. ओळखण्याची खूण वासात आहे. हा वास घाण असतो. उलटीसारखा, ओल्या मोज्यासारखा किंवा भिजत राहून उतलेल्या कडधान्यासारखा. या पिठाने पाव केला तर तो फुगणार नाही, आणि खाऊही नये.

यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी एकदम शांत होते. बुडबुडे जवळजवळ थांबतात, पीठ रबरबँडच्या वर सरकत नाही. बरणी मेली असे वाटते. खरे तर आत पाळी बदलत असते. आम्ल वाढल्यामुळे पहिले जिवाणू मागे पडतात आणि आंबटपणा सोसणारे जिवाणू व यीस्ट हळूहळू जागा घेतात. हे दोन दिवस काही वेगळे करायचे नसते. फक्त वास पाहा. घाण वास जाऊन ताकाचा, आंबट दह्याचा वास येऊ लागला, म्हणजे काम योग्य दिशेने चालले आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पीठ पुन्हा वर येऊ लागते, आणि हा फुगा खरा असतो. थंडीत याला आठ-दहा दिवसही लागतात.

फुगा कसा वाचायचा?

खाऊ घातल्यावर पीठ तीन टप्प्यांतून जाते. आधी चढते. या वेळी पृष्ठभाग घुमटासारखा फुगीर असतो आणि काचेतून लहान-मोठी छिद्रे दिसतात. मग शिखर गाठते. घुमट सपाट होऊ लागतो, वर बारीक बुडबुडे फुटलेले दिसतात. शेवटी उतरते. मधोमध खळगा पडतो आणि पीठ जिथपर्यंत चढले होते तिथे काचेवर ओशाळ पट्टा उरतो. बरणी तुम्ही दिवसभर पाहिली नसली तरी हा पट्टा सांगतो की पीठ कुठवर जाऊन आले. त्यामुळे संध्याकाळी पीठ रबरबँडशीच दिसले, तर ‘फुगलेच नाही’ असे ठरवण्याआधी काच तपासा.

पाव करायला स्टार्टर वापरायचा तो शिखरावर असताना किंवा त्याच्या जरा आधी. चमच्याने उचलल्यावर आत जाळी दिसली पाहिजे आणि पीठ तुटताना धागे ओढले गेले पाहिजेत. हे धागे म्हणजे गव्हातले ग्लुटेन. तेच गॅस धरून ठेवते.

किती फुगले म्हणजे पुरे, हे पिठावर अवलंबून असते. कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी तोडतात, म्हणून गव्हाच्या पूर्ण पिठाचा स्टार्टर दुप्पट झाला तरी उत्तम. मैद्याचा त्याहून उंच जातो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतेच. ते आंबते, बुडबुडे येतात, पण गॅस अडवायला काही नसल्यामुळे वर चढत नाही. म्हणून ज्वारीवर स्टार्टर वाढवणाऱ्याने रबरबँडवर विसंबू नये, वास आणि बुडबुडे पाहावेत.

एकदा दुप्पट झाले म्हणून लगेच पाव करायला घेऊ नका. लागोपाठ तीन वेळा, साधारण तेवढ्याच वेळात दुप्पट झाले, की स्टार्टर तयार समजा.

वासावरून काय कळते?

फुगा दिसायला चुकू शकतो, वास सहसा चुकत नाही. खाऊ घातल्या घातल्या ओल्या पिठाचा कोरा वास येतो. चढत असताना त्यात गोडसर झाक येते. शिखरावर पिकल्या फळाचा, सौम्य ताकाचा आणि किंचित दारूसारखा असा मिश्र वास येतो. नाकाला तो हवाहवासा वाटतो. हाच तयार असल्याचा वास.

शिखर ओलांडल्यावर आंबटपणा टोकदार होतो. व्हिनेगरसारखा झणका येतो. आणखी उपाशी ठेवले तर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो आणि वर करडे पाणी साचते. हे सडणे नाही, ही भूक आहे. पाणी ओतून टाका आणि खाऊ घाला.

माडाच्या सुरेचे उदाहरण इथे उपयोगी पडते. ताजी सूर गोडसर आणि फसफसती असते, तेव्हाच ती पाव फुगवते. ठेवून दिली की तिचे व्हिनेगर होते, आणि गोव्यात स्वयंपाकाचे व्हिनेगर तसेच करतात. वस्तू एकच, पण वेळ टळली की तिचे काम बदलते. बरणीतल्या पिठाचेही तसेच आहे.

मग उन्हाळ्यात गाडी कुठे अडते?

यीस्ट आणि जिवाणू यांना मानवणारे तापमान वेगवेगळे आहे, इथे अडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावातले यीस्ट आणि जिवाणू यांची जोडी १९७१ मध्ये क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांनी मांडली. पुढे १९९८ मध्ये मायकेल गेन्झले आणि सहकाऱ्यांनी याच जोडीची वाढ वेगवेगळ्या तापमानांवर मोजली. जिवाणू ३२ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात. यीस्टला मात्र २७ अंशांच्या आसपास सर्वांत बरे वाटते आणि ३५-३६ अंशांवर त्याची वाढ थांबते.

तुमच्या बरणीतले यीस्ट नेमके याच जातीचे असेल असे नाही. काही यीस्ट याहून जास्त उष्णता सोसतात. पण कल तोच राहतो. तापमान तिशीच्या वर चढत गेले की आंबवणारे जिवाणू पुढे धावतात आणि फुगवणारे यीस्ट मागे पडते. त्यात भर म्हणजे उष्णता आणि आम्ल मिळून ग्लुटेन लवकर तुटते. जो थोडाफार गॅस तयार होतो, तोही पातळ झालेल्या पिठातून निसटतो. म्हणून पीठ आंबते पण फुगत नाही. आणि ‘फुगले नाही, अजून थोडा वेळ ठेवू’ असे म्हणून ठेवले, तर आंबटपणा आणखी वाढून यीस्ट आणखी दबते.

मेमधला एक दिवस, दोन बरण्या

हे समजायला दोन बरण्यांची तुलना करू. समजा, पहिल्या बरणीत सकाळी नऊला ५० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घातले आणि ती ओट्यावर उघड्या उकाड्यात ठेवली. साधारण अडीच-तीन तासांत, म्हणजे दुपारी बाराच्या आतच, ती जमेल तेवढी चढून घेते. पूर्ण दुप्पट बहुधा होत नाही. दोन वाजता खळगा पडलेला असतो. रात्री नऊला, ‘बारा तास झाले’ म्हणून पाहावे, तर आत पातळ पीठ आणि झणझणीत आंबट वास. दुसऱ्या खाण्याला सुरुवात होते तीच उपाशी आणि अतिआंबट पिठापासून. असे चार दिवस झाले की यीस्ट पार दबते.

दुसरी बरणी रात्री नऊला भरली. तिच्यात स्टार्टर फक्त १० ग्रॅम, पीठ ५० ग्रॅम आणि माठातले पाणी ३५ ग्रॅम. हे मिश्रण पोळीच्या कणकेपेक्षा थोडेच सैल होते. बरणी परातीत दोन बोटे पाणी घालून त्यात उभी केली, तिच्याभोवती सुती पंचा ओला करून गुंडाळला, त्याचे टोक परातीतल्या पाण्यात सोडले आणि परात वारा येतो अशा जागी ठेवली. माठ गार राहतो त्याच कारणाने ही बरणी खोलीपेक्षा काही अंशांनी गार राहते. पहाटे पाच-सहाच्या सुमारास पाहावे, तर कणकेचा घुमट दुपटीला आलेला असतो, तोडल्यावर आत जाळी असते आणि वास पिकल्या फळाचा. पाव करायचा असेल तर लगेच, ऊन चढण्याआधी, पीठ मळायला घ्यावे.

दुसऱ्या बरणीत चार गोष्टी बदलल्या. पहिली, विरजण कमी घातले. उन्हाळ्यात दह्याला विरजण कमी आणि थंडीत जास्त लावायचे, हे घरोघरी माहीत असते. तोच नियम इथे लागतो. जुने आंबट पीठ कमी आणि नवे जास्त, म्हणजे खाऊ पुरतो आणि आम्ल पातळ होते. दुसरी, पाणी कमी केले. घट्ट पीठ सावकाश आंबते आणि गॅस धरते. तिसरी, पाणी गार वापरले. चौथी, दिवसाचा उकाडा टाळून रात्रीचा गारवा वापरला. दिवसा बरणी फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी सोपे. पहिल्या आठवड्यात मात्र फ्रीज नको, कारण तेव्हा यीस्ट अजून रुजायचे असते.

ओल्या पंचाची युक्ती कोरड्या उन्हाळ्यातच चालते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने कापड वाळत नाही, म्हणून गारवाही येत नाही. पण तेव्हा खोलीचे तापमान यीस्टला मानवेल असे खाली आलेले असते, त्यामुळे पंचाची फारशी गरजही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट करायचे. स्टार्टर जास्त, पीठ-पाणी तेवढेच, पाणी कोमट आणि बरणी गोधडीत गुंडाळून.

बरणी बिघडली तर वाचते का?

अतिआंबट, पातळ, करडे पाणी साचलेली बरणी बहुतेक वेळा वाचते. तिच्यातले फक्त एक चमचा पीठ घ्या, धुतलेल्या बरणीत ५० ग्रॅम पीठ आणि ३५ ग्रॅम गार पाण्यात कालवा आणि गारव्याला ठेवा. घुमट सपाट होऊ लागला की पुन्हा तसेच करा. अशा तीन-चार पाळ्यांत वास निवळतो आणि चढण परत येते. न फुगलेल्या बरणीला आणखी वेळ देण्यापेक्षा आणखी पीठ देणे, हा यातला मुख्य उपाय.

गुलाबी किंवा केशरी रेषा दिसल्या, किंवा हिरवी, काळी, पांढरी केसाळ बुरशी आली, तर मात्र हळहळ नको. वरचा थर काढून खालचे वापरणे धोक्याचे आहे. सगळे टाका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि नव्याने सुरू करा.

तयार स्टार्टर फ्रीजमध्ये आठवड्याला एकदा खाऊ घालून राहतो. त्या वेळी काढलेले पीठ आता फेकायचे नाही. ते धिरड्यात किंवा थालीपिठात घाला. त्याचा आंबटपणा तिथे छान लागतो. पावासाठी मात्र फ्रीजमधून काढलेला स्टार्टर तसाच वापरू नये. एक-दोनदा खाऊ घाला, रबरबँडपासून दुप्पट होऊ द्या, झाकण काढून वास घ्या. पिकल्या फळाचा आणि ताकाचा आला, तर पीठ मळायला घ्या. झणका आला, तर अजून एकदा खाऊ घाला.